वर्तुळावरचा एक बिंदू आणि एक चढ: पूर्णांकी काटकोन त्रिकोण शोधण्याची पद्धत

बौधायन शुल्बसूत्रात आयताच्या कर्णाविषयीचा नियम सांगून झाल्यावर, तो कोणत्या आयतांत सहज पडताळता येतो हे दाखवण्यासाठी बाजूंच्या सहा जोड्या दिल्या आहेत: 3 आणि 4, 12 आणि 5, 15 आणि 8, 7 आणि 24, 12 आणि 35, 15 आणि 36. या सहाही आयतांचे कर्ण पूर्णांकात येतात; ते अनुक्रमे 5, 13, 17, 25, 37 आणि 39 आहेत. ही यादी वाचल्यावर दोन प्रश्न साहजिकच मनात येतात. अशा आणखी जोड्या कशा शोधायच्या, आणि शोधताना एखादी सुटली नाही याची खात्री कशी करायची?

शाळेत यावर m² − n², 2mn, m² + n² हे सूत्र शिकवले जाते. तिन्ही पदांचे वर्ग करून ते बरोबर आहे हे दोन ओळींत तपासता येते. मात्र हे सूत्र आले कुठून आणि त्यातून सगळे त्रिकोण खरोखर मिळतात का, याचे उत्तर त्या पडताळ्यात नाही. ते उत्तर वर्तुळावरचा एक बिंदू धरून त्यातून रेषा काढली की मिळते. त्या रेषेचा चढ हीच त्रिकोणाची खरी ओळख आहे, आणि ती एकदा हाती आली की सूत्र पाठ करण्याची गरज उरत नाही. पुढे ही पद्धत आधी पायरीपायरीने उभी केली आहे आणि मग दोन प्रत्यक्ष प्रश्नांवर चालवून दाखवली आहे.

त्रिकोणाकडून वर्तुळाकडे

काटकोन करणाऱ्या बाजू a आणि b, आणि कर्ण c असे मानू. a² + b² = c² या समीकरणाला c² ने भागले की

(a/c)² + (b/c)² = 1

असे मिळते. म्हणजे (a/c, b/c) हा बिंदू x² + y² = 1 या वर्तुळावर आहे, आणि त्याचे दोन्ही निर्देशक परिमेय आहेत. या भागाकाराचा मोठा फायदा असा की तीन अज्ञात पूर्णांकांच्या जागी आता एकच बिंदू उरतो. शिवाय 3-4-5, 6-8-10 आणि 30-40-50 हे आकाराने एकच असलेले त्रिकोण (3/5, 4/5) या एकाच बिंदूवर येऊन बसतात, त्यामुळे पुनरावृत्ती आपोआप गळून जाते. उलट दिशेने, वर्तुळावरचा धन परिमेय निर्देशकांचा कोणताही बिंदू घेऊन दोन्ही अपूर्णांकांना समान छेद दिला की पूर्णांकी त्रिकोण तयार होतो. तेव्हा आपला प्रश्न एवढाच उरला: या वर्तुळावरचे सगळे परिमेय बिंदू कसे शोधायचे?

माहीत असलेल्या बिंदूतून रेषा काढणे

वर्तुळावरचे चार परिमेय बिंदू काहीही न करता दिसतात: (1, 0), (0, 1), (−1, 0) आणि (0, −1). त्यांपैकी (−1, 0) हा डावीकडचा बिंदू निवडू आणि त्याला P म्हणू. P मधून जाणाऱ्या, t चढाच्या रेषेचे समीकरण

y = t(x + 1)

असे आहे. ही रेषा वर्तुळाला P मध्ये छेदतेच, आणि आणखी एका बिंदूत छेदते. तो दुसरा बिंदू शोधण्यासाठी वर्तुळाचे समीकरण y² = 1 − x² असे लिहून उजव्या बाजूचे अवयव पाडावेत, म्हणजे y² = (1 − x)(1 + x) मिळते. यात y ची किंमत घातली की

t²(x + 1)² = (1 − x)(1 + x)

दुसऱ्या बिंदूसाठी x ची किंमत −1 नाही, म्हणून दोन्ही बाजूंतून (x + 1) काढून टाकता येतो. उरते t²(x + 1) = 1 − x, आणि त्यावरून

x = (1 − t²)/(1 + t²), y = 2t/(1 + t²)

इथे क्षणभर थांबून काय घडले ते पाहणे आवश्यक आहे, कारण पद्धतीचे सगळे बळ याच जागी आहे. रेषा आणि वर्तुळ यांच्या छेदनबिंदूंसाठी एरवी वर्गसमीकरण सोडवावे लागते आणि त्यात वर्गमूळ येते. उदाहरणार्थ, आरंभबिंदूतून जाणारी y = x ही रेषा घेतली, तर तिचा चढ 1 हा परिमेय असूनही ती वर्तुळाला (1/√2, 1/√2) या अपरिमेय बिंदूत छेदते. आपल्या मांडणीत मात्र वर्गसमीकरणाचे एक मूळ, x = −1, आधीच माहीत होते. परिमेय सहगुणकांच्या वर्गसमीकरणात मुळांची बेरीज परिमेय असते, म्हणून एक मूळ परिमेय असले की दुसऱ्याला अपरिमेय होण्यास वावच राहत नाही. आपण (x + 1) काढून टाकला तेव्हा नेमके हेच माहीत असलेले मूळ बाजूला झाले आणि एकघाती समीकरण शिल्लक राहिले. आरंभबिंदू वर्तुळावर नसल्यामुळे तिथून निघालेल्या रेषेला ही सवलत मिळत नाही.

t ची किंमत 0 असली की दुसरा बिंदू (1, 0) येतो आणि 1 असली की (0, 1) येतो. त्यामुळे खऱ्या त्रिकोणासाठी t हा 0 आणि 1 यांच्या दरम्यानचा परिमेय अपूर्णांक घ्यावा. t = 1/2 घेतल्यास x = (3/4)/(5/4) = 3/5 आणि y = 1/(5/4) = 4/5, म्हणजे 3-4-5 हा त्रिकोण. t हा 1 पेक्षा मोठा घेतला तर x ऋण येतो, कारण बिंदू दुसऱ्या चरणात सरकलेला असतो. चिन्ह सोडून दिले तर त्रिकोण बरोबरच निघतो, पण तो 1/t या चढाने आधीच मिळालेला असतो.

आता t = n/m असे अतिसंक्षिप्त रूपात लिहावे, जिथे m हा n पेक्षा मोठा आहे. x आणि y या दोघांच्याही अंशाला आणि छेदाला m² ने गुणले की

x = (m² − n²)/(m² + n²), y = 2mn/(m² + n²)

आणि यातून a = m² − n², b = 2mn, c = m² + n² हे ओळखीचे सूत्र समोर येते. त्यातला m हा चढाचा छेद आहे आणि n हा अंश.

उलट वाट: त्रिकोणावरून चढ

रेषेच्या समीकरणावरून t = y/(x + 1) हे लगेच दिसते. y च्या जागी b/c आणि x च्या जागी a/c घालून सरळ रूप दिले की

t = b/(a + c)

हे या लेखातले सर्वांत उपयोगी सूत्र आहे. कोणताही पूर्णांकी काटकोन त्रिकोण घेतला तरी b/(a + c) ही परिमेय संख्याच असणार, म्हणून तो त्रिकोण कुठल्या तरी परिमेय चढावरून मिळतोच. एकही त्रिकोण सुटत नाही याची सिद्धता एवढीच आहे. हाताने करायची कृतीही सोपी आहे: कर्णात एक बाजू मिळवावी, दुसऱ्या बाजूला त्या बेरजेने भागावे आणि अपूर्णांक संक्षिप्त करावा.

बौधायनांच्या जोड्यांवर हे करून पाहू. 3-4-5 साठी 4/8, म्हणजे 1/2. 5-12-13 साठी 12/18, म्हणजे 2/3. 15-8-17 साठी 8/32, म्हणजे 1/4. 7-24-25 साठी 24/32, म्हणजे 3/4. 35-12-37 साठी 12/72, म्हणजे 1/6. शेवटच्या 15-36-39 साठी 36/54 येते, आणि तो अपूर्णांक पुन्हा 2/3 होतो. म्हणजे सहावी जोडी दुसऱ्या जोडीचीच तिप्पट आहे, आणि आकृती न काढता किंवा सामाईक विभाजक न शोधता केवळ चढाने ते दाखवून दिले.

मोठ्या आकड्यांत ही कृती अधिक उपयोगी पडते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्लिम्प्टन ३२२ या नावाने ओळखली जाणारी बॅबिलोनी मातीची पाटी आहे. ती इसवी सनापूर्वी सुमारे १८०० च्या काळातली असून तिच्यावर पंधरा ओळींत काटकोन त्रिकोणांचे आकडे साठ पायाच्या अंकपद्धतीत कोरले आहेत. तिच्या चौथ्या ओळीतली लहान बाजू 12709 आणि कर्ण 18541 आहे. यांवरून तिसरी बाजू 13500 येते. चढ काढला तर 13500/(12709 + 18541) = 13500/31250, आणि संक्षिप्त केल्यावर 54/125. पडताळण्यासाठी m = 125 आणि n = 54 घ्यावेत: 15625 − 2916 = 12709, 2 × 125 × 54 = 13500, 15625 + 2916 = 18541. पाच आकडी संख्यांचा त्रिकोण दोन-तीन आकडी अपूर्णांकात मावला. ही पाटी कोरणाऱ्याने हीच रीत वापरली होती असे यावरून म्हणता येत नाही. चढ हे आपले वाचण्याचे साधन आहे.

अंश आणि छेद दोन्ही विषम असतात तेव्हा

सूत्र वापरताना सर्वाधिक गोंधळ इथे होतो. t = 1/3 घेऊन पाहावे. m = 3, n = 1 वरून 9 − 1 = 8, 2 × 3 × 1 = 6 आणि 9 + 1 = 10 मिळतात. अपूर्णांक अतिसंक्षिप्त होता, तरी त्रिकूट 8-6-10 आले आणि ते 2 ने भागून 4-3-5 करावे लागले. म्हणजे नवे काहीच मिळाले नाही. 3-4-5 हाच त्रिकोण बाजूंची अदलाबदल होऊन परत आला.

याचे कारण वर्तुळावर पाहिले की स्पष्ट होते. (3/5, 4/5) आणि (4/5, 3/5) हे दोन वेगळे बिंदू आहेत, म्हणून त्यांचे चढही वेगळे असणारच. त्रिकोण म्हणून मात्र ते एकच आहेत. एका बिंदूचा चढ t असेल, तर बाजूंची अदलाबदल केलेल्या बिंदूचा चढ (1 − t)/(1 + t) असतो. t = 1/2 घातल्यास 1/3 येतो आणि t = 1/3 घातल्यास पुन्हा 1/2 येतो. अशा प्रत्येक जोडीत एका अपूर्णांकाचे अंश आणि छेद दोन्ही विषम असतात, तर दुसऱ्यात एक सम आणि एक विषम असतो.

सामाईक विभाजक 2 पेक्षा मोठा का येत नाही, हेही पाहून घ्यावे. एखाद्या विषम मूळ संख्येने m² − n² आणि m² + n² या दोघांना भाग जात असेल, तर त्यांच्या बेरजेला म्हणजे 2m² ला आणि वजाबाकीला म्हणजे 2n² लाही भाग जाईल, म्हणजेच m आणि n दोघांनाही भाग जाईल. पण अपूर्णांक अतिसंक्षिप्त असल्यामुळे ते शक्य नाही. राहिला फक्त 2. m आणि n यांपैकी एक सम व एक विषम असेल, तर m² + n² विषम असतो आणि 2 चाही प्रश्न मिटतो. दोन्ही विषम असतील तेव्हा m² + n² ला 4 ने भागल्यावर बाकी 2 उरते, म्हणून तिन्ही संख्यांना एकदाच 2 ने भागावे, दोनदा नाही.

त्यामुळे काम करताना दोनच सवयी ठेवाव्यात. यादी करायची असेल तर एक सम आणि एक विषम असेच m, n घ्यावेत, म्हणजे सामाईक विभाजक नसलेला प्रत्येक त्रिकोण एकदाच येतो. एखादा ठरावीक आकार हवा असेल तर मात्र दोन्ही विषम असलेला चढही टाळू नये. तो घ्यावा आणि शेवटी 2 ने भागावे. दुसरी सवय का हवी ते पुढे 30° च्या उदाहरणात दिसेल.

संगणकावर यादी करण्यासाठी एवढा कार्यक्रम पुरतो; त्यात H ही कर्णाची मर्यादा आहे:

```python
from math import gcd
H = 100
for m in range(2, int(H**0.5) + 1):
    for n in range(1, m):
        c = m*m + n*n
        if c < H and gcd(m, n) == 1 and (m - n) % 2 == 1:
            print(n, m, m*m - n*n, 2*m*n, c)
```

कर्ण 100 पेक्षा लहान असलेले असे नेमके सोळा त्रिकोण आहेत; तेवढे आले नाहीत तर अटींत चूक झाली आहे असे समजावे. m किती मोठा घ्यायचा यात नेहमीची फसगत होते. m = 7 पर्यंतच थांबल्यास 7 आणि 6 यांवरून 13-84-85 मिळतो, म्हणून 85 पर्यंतचे कर्ण पूर्ण झाले असे वाटते; पण 77-36-85 हा त्रिकोण m = 9, n = 2 वरून येतो आणि तो निसटतो. यादी m च्या क्रमाने येते, कर्णाच्या क्रमाने येत नाही. म्हणून m हा H च्या वर्गमुळापर्यंत न्यावा लागतो.

एक बाजू दिलेली असताना: भास्कराचार्यांची 12 ची भुजा

भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या लीलावतीत उलट बाजूने विचारलेला प्रश्न आहे. काटकोनाची एक बाजू, म्हणजे भुजा, 12 दिली आहे. दुसरी बाजू, म्हणजे कोटी, आणि कर्ण परिमेय येतील असे त्रिकोण शोधायचे आहेत. त्यांची रीत अशी: मनाला येईल ती एक संख्या घ्यावी, तिला इष्ट म्हणावे. भुजेला इष्टाच्या दुपटीने गुणून, इष्टाच्या वर्गातून 1 वजा केल्यावर येणाऱ्या संख्येने भागावे, म्हणजे कोटी मिळते. त्या कोटीला इष्टाने गुणून त्यातून भुजा वजा करावी, म्हणजे कर्ण मिळतो.

इष्ट 2 घेतल्यास कोटी 12 × 4/3 = 16 आणि कर्ण 2 × 16 − 12 = 20. इष्ट 3 घेतल्यास कोटी 12 × 6/8 = 9 आणि कर्ण 3 × 9 − 12 = 15. इष्ट 5 घेतल्यास कोटी 12 × 10/24 = 5 आणि कर्ण 5 × 5 − 12 = 13.

आता कर्णाची पायरी पुन्हा वाचावी. कर्ण म्हणजे इष्ट गुणिले कोटी, वजा भुजा. भुजा दुसऱ्या बाजूला नेली की भुजा + कर्ण = इष्ट × कोटी होते, आणि त्यावरून कोटी/(भुजा + कर्ण) = 1/इष्ट. हे आपले t = b/(a + c) हेच सूत्र आहे, फक्त उलटे केलेले. भास्कराचार्यांचा इष्ट म्हणजे चढाचा व्यस्त. लीलावतीत वर्तुळावरची रेषा नाही, पण तिच्या चढाने जे काम होते तेच काम तिथे इष्ट करतो, आणि हे लक्षात आल्यावर ती रीत लक्षात ठेवण्यासाठी वेगळे श्रम पडत नाहीत. कोटीची पायरीही तशीच निघते: y ला x ने भागले की 2t/(1 − t²) येते, आणि t च्या जागी 1/इष्ट घातला की इष्टाची दुप्पट भागिले इष्टाचा वर्ग वजा 1.

इष्ट 4 घेतला तर कोटी 6.4 आणि कर्ण 13.6 येतो. त्रिकोण परिमेय आहे, 15-8-17 च्या आकाराचा आहे, पण पूर्णांकी नाही. मग भुजा 12 असलेले पूर्णांकी त्रिकोण एकूण किती? ते मोजण्यासाठी c² − b² = 144 हे (c − b)(c + b) = 144 असे लिहावे. या दोन्ही अवयवांची बेरीज 2c, म्हणजे सम आहे, आणि गुणाकारही सम आहे, म्हणून दोन्ही अवयव समच असले पाहिजेत. 12 × 12 वरून कोटी 0 येते, ती सोडली तर 144 च्या अशा जोड्या चारच आहेत: 2 × 72, 4 × 36, 6 × 24 आणि 8 × 18. त्यांवरून कोटी आणि कर्ण अनुक्रमे 35 व 37, 16 व 20, 9 व 15, 5 व 13 असे येतात.

यांपैकी तीन वर मिळाले. चौथा, 12-35-37, मिळण्यासाठी इष्ट किती असावा? भुजा आणि कर्ण यांची बेरीज 49, तिला 35 ने भागले की 7/5. इष्ट 7/5 घेऊन पडताळावे: दुप्पट 14/5, वर्गातून 1 वजा केल्यास 24/25, म्हणून कोटी 12 × (14/5) × (25/24) = 35, आणि कर्ण (7/5) × 35 − 12 = 37. पूर्णांकी उत्तर हवे म्हणून इष्टही पूर्णांकच घ्यावा असे मानले, तर बौधायनांच्या यादीत असलेला हा त्रिकोण हातचा जातो. इष्ट अपूर्णांक असू शकतो. त्याने फक्त 1 पेक्षा मोठे असावे.

हव्या त्या आकाराचा त्रिकोण: 30° च्या जवळ

दुसरा प्रश्न आखणीचा आहे. जमिनीवर किंवा मोठ्या फळीवर काटकोन आणि त्याच्याबरोबर 30° चा कोन आखायचा आहे, आणि तिन्ही मापे पूर्ण सेंटिमीटरमध्ये हवी आहेत. खऱ्या 30° च्या त्रिकोणात √3 येतो, म्हणून अगदी अचूक पूर्णांकी त्रिकोण असूच शकत नाही. जवळचा शोधावा लागतो.

इथे चढाचा भौमितिक अर्थ कामी येतो. केंद्रापाशी x-अक्षाशी होणारा कोन θ असेल, तर त्याच कंसाने P या बिंदूपाशी केलेला अंतर्लिखित कोन त्याच्या निम्मा, θ/2 असतो. P मधून जाणाऱ्या रेषेचा चढ म्हणजे त्या कोनाचा टॅन, म्हणून

t = tan(θ/2)

30° साठी tan 15° हवा, आणि तो 2 − √3, म्हणजे सुमारे 0.26795 आहे. आता याच्या जवळचा, लहान छेदाचा अपूर्णांक शोधायचा. त्यासाठी लक्ष्याच्या दोन बाजूंचे दोन अपूर्णांक धरावेत आणि अंशात अंश, छेदात छेद मिळवून मधला अपूर्णांक घ्यावा. ही अपूर्णांकांची बेरीज नाही, पण येणारा अपूर्णांक त्या दोहोंच्या मध्येच पडतो. मग लक्ष्य ज्या दोघांच्या मध्ये अडकते ते दोन ठेवून तीच कृती पुन्हा करावी.

1/4 = 0.25 लहान आहे, 1/3 मोठा आहे. मधला 2/7 = 0.2857, अजून मोठा. 1/4 आणि 2/7 मधला 3/11 = 0.2727, तोही मोठा. 1/4 आणि 3/11 मधला 4/15 = 0.26667, हा किंचित लहान. 4/15 आणि 3/11 मधला 7/26 = 0.26923, हा तेवढाच मोठा. 4/15 आणि 7/26 मधला 11/41 = 0.26829.

आता प्रत्येकाचा त्रिकोण पाहावा. 1/4 वरून 15-8-17 येतो आणि कोन 28.07° इतका निघतो. एवढा फरक चालणार नाही. 4/15 वरून 225 − 16 = 209, 2 × 15 × 4 = 120 आणि 225 + 16 = 241 येतात. कोन 29.86° आहे. 11/41 मध्ये दोन्ही विषम आहेत. 1560, 902, 1802 या संख्यांना 2 ने भागून 780, 451, 901 मिळतात, आणि कोन 30.04° येतो. दोन्ही विषम असलेला चढ टाळला असता तर हा त्रिकोण 41 आणि 11 वरून मिळाला नसता. तो 15/26 या दुसऱ्या चढावर बाजूंची अदलाबदल होऊन बसलेला आहे, आणि 30° च्या जवळ शोधणाऱ्याला तिथे तो दिसत नाही.

टेपने करायच्या कामासाठी 120, 209 आणि 241 सेंटिमीटर ही मापे मला योग्य वाटतात. कोणी विचारेल की कर्ण 240, एक बाजू 120 आणि दुसरी 207.85 ची जवळच्या पूर्णांकात 208 धरली तर काय बिघडते. 120² + 208² = 57664, तर 240² = 57600; म्हणजे काटकोन 90° ऐवजी सुमारे 89.93° होतो. फरक लहान आहे, पण तो काटकोनात गेला आहे, आणि त्याच काटकोनावरून पुढच्या भिंती किंवा चौकटी आखल्या तर तो पुढे पुढे वाढत जातो. 120-209-241 मध्ये काटकोन हिशेबाने पूर्ण अचूक राहतो आणि सगळी चूक 30° च्या कोनात, सुमारे 0.14° इतकी, एकाच ठिकाणी राहते. काटकोन महत्त्वाचा असेल तर पूर्णांकी त्रिकूट घ्यावे. उलट 30° चा कोनच महत्त्वाचा असेल तर त्रिकूटाचा आग्रह धरू नये. टेप सैल राहिली किंवा जमीन उंचसखल असली, तर त्याची चूक या दोन्हींपेक्षा मोठी असू शकते, म्हणून तिन्ही मापे टेप ताणून आणि एकाच पातळीत घ्यावीत.

पद्धत कुठे चालते आणि कुठे अडते

या सगळ्यासाठी लागणारी एकच पूर्वअट म्हणजे वर्तुळावर सुरुवातीचा एक परिमेय बिंदू हाती असणे. x² + y² = 2 या वर्तुळावर (−1, −1) हा बिंदू आहे, म्हणून तिथे ती जशीच्या तशी चालते. त्या बिंदूतून चढ 2 ची रेषा, y + 1 = 2(x + 1), काढली की दुसरा बिंदू (1/5, 7/5) मिळतो, आणि त्यावरून 1² + 7² = 2 × 5². म्हणजे 1, 25 आणि 49 हे तीन वर्ग सारख्या अंतरावर, प्रत्येकी 24 ने, येतात. इतर चढ घेऊन असे दुसरे तीन वर्गही मिळवता येतात.

x² + y² = 3 या वर्तुळावर मात्र सुरुवातच करता येत नाही. समजा त्यावर एक परिमेय बिंदू आहे; तर a² + b² = 3c² असे पूर्णांक मिळतील, आणि ते सामाईक विभाजक काढून टाकलेले आहेत असे मानता येईल. कोणत्याही पूर्णांकाच्या वर्गाला 4 ने भागले की बाकी 0 किंवा 1 उरते. त्यामुळे डाव्या बाजूची बाकी 0, 1 किंवा 2 असू शकते, आणि उजव्या बाजूची 0 किंवा 3. दोन्ही जुळण्यासाठी बाकी 0 च हवी, आणि तसे झाले तर a, b, c तिन्ही सम ठरतात, जे आपण आधीच वगळले होते. या वर्तुळावर एकही परिमेय बिंदू नाही, आणि म्हणून त्यावरच्या कोणत्याही बिंदूतून कितीही परिमेय चढाच्या रेषा काढल्या तरी त्यांतून पूर्णांक हाती येणार नाहीत.